पंखा आधी, लाइट नंतर: बेडरूमचा सीलिंग प्लॅन कसा काढायचा

रात्री पंखा लावला की खोलीतला उजेड लपलप करतो, अशी तक्रार फॉल्स सीलिंग केलेल्या बऱ्याच घरांत ऐकू येते आणि लोक लाइट खराब आहे असं समजून दोनदा बदलतात. खात्री करायची तर पंखा बंद करून बघा. पाती थांबल्यावर लपलपही थांबली तर लाइटचा काही दोष नाही, पंख्याची पाती उजेड कापतायत. लाइट त्या जागी लावलेत हाच घोळ आहे आणि तो कागदावरच सापडायला हवा होता.

तो कागद म्हणजे रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन, साइटवर सगळे आरसीपीच म्हणतात. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत आरसा टाकलाय आणि आपण वरून त्यात छत बघतोय अशी कल्पना करा. सरळ मान वर करून दिसेल तसं छत काढलं तर डावं-उजवं उलटं होतं आणि फ्लोअर प्लॅनशी काहीच जुळत नाही, आरशातलं काढलं की छतावरचा लाइट कागदावर बरोबर त्याच्या खालच्या बेडवर येतो. म्हणून फ्लोअर प्लॅनवर ट्रेसिंग ठेवूनच हे काढायचं, आणि त्यात भिंती, दार कुठल्या बाजूला उघडतं ते, वॉर्डरोब, बेड आणि छतातले बीम हे सगळं आधी उतरवून घ्यायचं.

आता नेहमीची 10 बाय 12 ची बेडरूम घेऊ, म्हणजे ढोबळ 300 बाय 360 सेंमी. बिल्डरने स्लॅब टाकतानाच फॅन बॉक्स आणि हूक खोलीच्या बरोबर मध्यावर सोडलेला असतो. नंतर आपण 300 च्या भिंतीला 60 सेंमी खोलीचा वॉर्डरोब करतो, मोकळी जागा उरते 300 बाय 300, आणि पंखा या मोकळ्या जागेच्या मध्यावर राहत नाही, 30 सेंमी वॉर्डरोबकडे सरकलेला असतो. हूक हलवता येत नाही (फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला किंवा जिप्सम बोर्डला पंखा टांगायचा विचारही करू नका, तो स्लॅबलाच हवा), म्हणून प्लॅनची सुरुवात पंख्यापासून करायची, लाइट त्याच्या हिशोबाने बसवायचे.

उंचीचा हिशोब असा. स्लॅबची खालची बाजू 290 सेंमीवर, फॉल्स सीलिंग 20 सेंमी खाली म्हणजे 270 वर. पंख्याची पाती सीलिंगपासून साधारण 30 सेंमी तरी खाली हवीत, नाहीतर वरून हवा ओढायला जागाच राहत नाही, आणि जमिनीपासून 240 सेंमीच्या खाली येता कामा नयेत. 270 वजा 30, बरोबर 240. म्हणजे या खोलीत सीलिंग अजून खाली घ्यायला अजिबात वाव नाही.

लाइट किती? 6 वॉटच्या चार एलईडी डाऊनलाइट घेतल्या तर प्रत्येकी साधारण 600 ल्युमेन, एकूण 2400. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त उजेड खाली कामाला येतो असं धरलं तर 9 चौरस मीटरला 150 लक्सच्या आसपास पडतो, बेडरूमला तेवढा पुरे. चार लाइट सारखे वाटायचे तर दोघांमध्ये 150 सेंमी आणि भिंतीपासून त्याच्या निम्मं, 75 सेंमी. बहुतेक जण इथेच पेन ठेवतात.

पण आता पंखा बघा. नेहमीचा पंखा 120 सेंमी व्यासाचा, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक 60 सेंमीवर, आणि ते लाइटच्या 30 सेंमी खाली फिरतंय. डाऊनलाइटचा बीम 90 अंशांचा असेल तर मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 45 अंश, म्हणजे 30 सेंमी खाली येईपर्यंत उजेड बाजूला 30 सेंमी पसरतो. 60 अधिक 30, लाइट पंख्याच्या मध्यापासून निदान 90 सेंमी लांब हवा. बीम 60 अंशांचा अरुंद असेल तर पसारा फक्त 17 सेंमी, म्हणजे 77 वर चालतं. आणि ते पसरट पॅनेल लाइट असतात 120 अंशांचे, त्यांना 52 सेंमी पसारा, म्हणजे 112 सेंमी लागतात.

आपल्या खोलीत बेडकडच्या दोन लाइट पंख्यापासून 129 सेंमीवर येतात, त्यांची काळजी नाही. वॉर्डरोबकडच्या दोन मात्र लांबीत 45 आणि रुंदीत 75, तिरकं मोजलं तर 87 सेंमी. 90 अंशांच्या बीमला तीन सेंमी कमी पडले, पॅनेल लाइट लावला तर 25 सेंमी कमी. आणि बीमचा आकडा काही कडक सीमा नसते, त्याच्या बाहेरही थोडा उजेड सांडतोच, म्हणून मी आलेल्या आकड्यात 10-15 सेंमी वाढवूनच धरतो.

हे इतकं खुपतं कशामुळे तेही समजून घ्या. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेरे मारत असेल तर एका जागेवरून मिनिटाला 900 पाती जातात, सेकंदाला 15. घरातला एलईडी याहून कितीतरी जास्त वेगाने लुकलुकत असला तरी डोळ्याला तो सलग वाटतो, पण सेकंदाला दहा-पंधरा वेळा होणारी उघडझाप डोळ्याला सगळ्यात जास्त टोचते. पंखा हळू केला तर सुटका होत नाही, सावल्या उलट एकेक वेगळ्या दिसायला लागतात.

उपाय सोपा आहे. वॉर्डरोबकडच्या दोन लाइट बाजूच्या भिंतींकडे 20-20 सेंमी सरकवा, भिंतीपासून 55 वर. आता अंतर 105 सेंमी होतं आणि 90 अंशांचा बीम पात्यांच्या बाहेर मोकळा पडतो. बीम 60 अंशांचा करूनही जमतं पण मग जमिनीवर उजेडाचे ठिपके ठिपके पडतात, मला ते बेडरूममध्ये आवडत नाही. कागदावर हे मोजत बसायची गरजसुद्धा नाही, 1:50 च्या स्केलवर पंखा 12 मिमी त्रिज्येचा काढा, त्याच मध्यावर 20 मिमी त्रिज्येचं तुटक वर्तुळ मारा आणि त्या वर्तुळात लाइट ठेवायचा नाही.

मग स्विच. प्रत्येक लाइटपासून त्याच्या बोर्डपर्यंत तुटक वाकडी रेघ काढतात, वाकडी अशासाठी की ती भिंतीची रेघ वाटू नये. वायर त्या रेघेवरूनच जाते असं नाही, कोणता स्विच काय चालवतो एवढंच ती सांगते. मुख्य बोर्ड दाराच्या कुलुपाच्या बाजूला, जमिनीपासून 120 सेंमीवर. बिजागरीच्या बाजूला गेला तर दार उघडल्यावर बोर्ड दारामागे लपतो आणि अंधारात दाराला वळसा घालून हात घालावा लागतो, प्लॅनमध्ये दाराचा कंस काढायचा तो याचसाठी. बेडकडच्या दोन लाइट टू-वे करा, एक स्विच दाराशी एक उशाशी, वॉर्डरोबच्या दोन साध्या चालतील. पंख्याचा स्विचही टू-वे, पण रेग्युलेटर एकाच ठिकाणी बसतो, तो उशाशी द्या, पहाटे गार वाटायला लागतं तेव्हा पंखा कमी करायला कोणी दारापर्यंत जात नाही. टू-वेसाठी दोन बोर्डांच्या मधे जादा वायरी ओढाव्या लागतात, म्हणून हे भिंतीत झिरी मारायच्या आधी ठरायला हवं, प्लास्टर झाल्यावर आठवलं तर भिंत परत फोडावी लागते.

आणि प्लॅनवर प्रत्येक लाइटची दोन भिंतींपासूनची मापं लिहून तो कागद वायरमनच्या आधी सीलिंगवाल्याच्या हातात द्या. त्याचे पत्र्याचे चॅनेल साधारण दीड-दीड फुटावर येतात, आणि भोक नेमकं चॅनेलवर आलं तर कारागीर एक तर चॅनेल कापतो किंवा लाइट मनाने हातभर सरकवतो, बरेचदा पंख्याकडेच. मापं आधी दिली तर तो चॅनेलच चार बोटं इकडे-तिकडे घेतो.