‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ म्हणजे सूड घ्याच, असा आदेश?

“धर्मग्रंथातच लिहिलंय, डोळ्याच्या बदल्यात डोळा. मग सूड घेतला तर बिघडलं कुठे?”

बायबलमधलं ते वाक्य कमाल मर्यादा सांगतं. एका डोळ्यासाठी फार तर एक डोळा. जीव नाही, घरदार नाही. बायबलच्याच उत्पत्तीच्या पुस्तकात लामेख नावाचा माणूस आपला सूड सत्याहत्तर पट असेल अशी फुशारकी मारतो. लगाम घालायचा होता तो या हिशेबाला.

लगाम लागतो, कारण माणसाचं मोजमापच चुकतं. २००३ साली लंडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. दोघांनी आळीपाळीने एकमेकांचं बोट यंत्राने दाबायचं; जेवढा दाब आला, तेवढाच परत द्यायचा. दोघंही प्रामाणिक, तरी दाब प्रत्येक फेरीत वाढतच गेला. आपण लावलेला जोर आपल्याला कमी जाणवतो, आणि समोरच्याचा पुरेपूर. भांडणात तर प्रामाणिकपणाही नसतो म्हणा!

ज्यू धर्मपंडितांनी तर या वाक्याचा अर्थ भरपाई असाच लावला. तालमूद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात प्रश्न येतो: आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला, तर त्याचा कुठला डोळा काढणार? शिवाय डोळा काढताना जीवच गेला, तर शिक्षा ठरल्यापेक्षा मोठी होते. म्हणून हिशेब पैशात आणि पाच खात्यांत मांडला: कायमचं नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली कमाई आणि अपमान. रक्कम ठरवायचं काम न्यायाधीशांचं. ज्याचा डोळा गेला त्याचं नाही.