470, 820 आणि दोन्ही टोकांचे 50 ओहम

भारतात हौशी रेडिओवाल्यांना 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळालेला आहे. या पट्ट्यासाठी घरी बांधलेला पाच वॉटचा ट्रान्समीटर सात मेगाहर्ट्झवर बोलतोच, शिवाय न विचारता चौदावर आणि एकवीसवरही बोलतो. पॉवर ट्रान्झिस्टर जवळजवळ स्विचसारखा चालतो, त्यामुळे लाट वेडीवाकडी होते आणि मूळ वारंवारितेच्या दुप्पट-तिप्पट वारंवारितांवर म्हणजे हार्मोनिकवर काही शक्ती सांडते. ती अँटेनापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये लो-पास फिल्टर बसवतात. कपॅसिटर जमिनीकडे, कॉइल वाटेत, पुन्हा कपॅसिटर जमिनीकडे, अशी ही शिडी. तिच्यात वीज खाणारा एकही भाग मुद्दाम घातलेला नसतो. तरीही तिच्या गणितात दोन रोध असतात. एक अलीकडच्या टोकाला, उगमाचा, आणि दुसरा पलीकडच्या टोकाला, अँटेनाचा. इथे दोन्ही 50 ओहम. हे रोध आपण फिल्टरच्या डबीत सोल्डर करत नाही, म्हणून ते फिल्टरचे भागच आहेत हे विसरायला होते.

किती दाबायचे ते आधी ठरवू. अमेरिकेत 30 मेगाहर्ट्झखालच्या नव्या हौशी ट्रान्समीटरांना नको असलेले उत्सर्जन मूळ शक्तीच्या किमान 43 डेसिबल खाली, म्हणजे साधारण वीस हजारात एक, ठेवावे लागते. तोच आकडा आपण लक्ष्य म्हणून घेऊ. समजा, आपल्या ट्रान्झिस्टरचा दुसरा हार्मोनिक फिल्टरआधीच 15 डेसिबल खाली आहे. उरलेले 28 तरी फिल्टरने द्यायला हवेत, आणि थोडी सूट हाताशी असलेली बरी.

आता तक्ता, म्हणजे फिल्टरच्या एकेका जातीसाठी भागांच्या मूल्यांची तयार यादी. त्यात दिलेले आकडे एक ओहम रोधासाठी आणि सेकंदाला एक रेडियन कटऑफसाठी काढलेले असतात. कटऑफ म्हणजे फिल्टर जिथपासून अडवू लागतो ती वारंवारिता. असा फिल्टर कोणी बांधत नाही, पण एकदा ते आकडे कळले की कुठल्याही रोधावर आणि वारंवारितेवर तोच आकार नेता येतो. तक्त्यातल्या आकड्याला g, कटऑफला f आणि रोधाला R म्हटले, तर

```
C = g / (2π f R)
L = g R / (2π f)
```

एवढेच गणित. अवघड भाग आहे तो नेमका कुठला तक्ता उघडायचा, हा.

बटरवर्थच्या तक्त्याकडे हात आधी जातो, कारण त्याचा आलेख गुळगुळीत असतो. पण त्याचा कटऑफ म्हणजे तीन डेसिबल घट झालेली जागा, म्हणजे तिथे निम्मी शक्ती गेलेली असते. सात भागांचा बटरवर्थ 8 मेगाहर्ट्झ कटऑफवर बांधला, तर 7.1 मेगाहर्ट्झवरच पाऊण डेसिबल जाते. पाच वॉटमधले सुमारे पाऊण वॉट अँटेनाकडे न जाता उगमाकडे परत फिरते आणि 14 मेगाहर्ट्झवर पदरात पडतात फक्त 34 डेसिबल. चेबिशेव्हच्या तक्त्यात हिशेब वेगळा असतो. तो पट्ट्यात बारीक लहरी, म्हणजे रिपल, सहन करतो आणि बदल्यात पुढे जास्त तीव्र उतार देतो. रिपल 0.1 डेसिबल धरली, तर पट्ट्यात कुठेही सव्वादोन टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती परत जात नाही. बहुतेक तक्त्यांत याचा कटऑफ म्हणजे रिपलची मर्यादा जिथे ओलांडली जाते ती जागा. तीन डेसिबलची नव्हे. काही तक्ते मात्र चेबिशेव्हही तीन डेसिबलवर मांडतात आणि त्यांचे आकडे निराळे असतात. तक्त्याच्या डोक्यावरची ती एक ओळ न वाचता आकडे उचलले, तर फिल्टर चालतो, पण भलत्याच जागी.

दुसरी गफलत याहून वारंवार होते. तक्ते दोन प्रकारचे असतात: दोन्ही टोकांना रोध असलेल्या फिल्टरांचे आणि एकाच टोकाला रोध असलेल्यांचे. पाच भागांचा बटरवर्थ घ्या. दोन्ही टोकांच्या तक्त्यात तो 0.618, 1.618, 2.000, 1.618, 0.618 असा दिसतो. एका टोकाच्या तक्त्यात 1.545, 1.694, 1.382, 0.894, 0.309. सारखे रोध आणि विषम संख्येचे भाग असतील, तर दोन्ही टोकांच्या फिल्टरची यादी उलटी वाचली तरी तीच राहते. आकडे एका बाजूला उतरत गेले की समजावे, पान चुकले. समसंख्येच्या भागांचा चेबिशेव्ह मात्र टाळावा. चार भागांच्या 0.1 डेसिबल फिल्टरला एका टोकाला 50 ओहम असेल, तर दुसऱ्या टोकाला सुमारे 68 ओहम लागतात, आणि आपली केबल काही 68 ओहमची नाही.

पाच भागांचा 0.1 डेसिबल चेबिशेव्ह 8 मेगाहर्ट्झवर ठेवला, तर 14 मेगाहर्ट्झवर बरोबर 28 डेसिबल मिळतात. लक्ष्य गाठले, पण काठावर. सात भागांचा घेतला तर 48. म्हणून सात. त्याची यादी अशी: 1.1812, 1.4228, 2.0967, 1.5734, आणि मग तेच आकडे उलटे. 8 मेगाहर्ट्झ आणि 50 ओहमला कपॅसिटरचा गुणक 397.9 पिकोफॅरड येतो आणि कॉइलचा 0.9947 मायक्रोहेन्री. गुणाकार केला की टोकाचे कपॅसिटर 470, आतले दोन 834, बाजूच्या दोन कॉइली 1.415 मायक्रोहेन्रीच्या आणि मधली 1.565 ची.

टोकाचा 470 हा बाजारात मिळणाराच आकडा निघाला. 8 मेगाहर्ट्झ निवडण्यामागे हेही एक कारण होते. कटऑफ थोडा मागेपुढे सरकवून आकडे बाजाराजवळ आणणे ही या कामातली जुनी रीत आहे. 834 मात्र लॅमिंग्टन रोडवर मागितलात, तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. मिळेल 820. पावणेदोन टक्के कमी. चालेल का?

चालेल, आणि का चालेल याचे उत्तर दोन्ही टोकांच्या रोधांत आहे. ते नीट मांडले एच. जे. ऑर्चर्ड यांनी 1966 मध्ये. 50 ओहमच्या उगमातून जास्तीत जास्त किती शक्ती बाहेर काढता येते, याला पक्की मर्यादा आहे. चेबिशेव्हच्या पट्ट्यात काही वारंवारितांवर रिपल शून्याला टेकते, म्हणजे उगमाकडे असलेली सगळी शक्ती पलीकडच्या रोधात पोचते. आपल्या फिल्टरमध्ये ही ठिकाणे साधारण 3.5, 6.3 आणि 7.8 मेगाहर्ट्झला येतात. तिथे एखादा कपॅसिटर किंचित वाढवला, तर शक्ती वाढू शकत नाही, कारण ती आधीच कमाल आहे. किंचित कमी केला तरी वाढू शकत नाही. दोन्हीकडे वाढ अशक्य असेल, तर त्या बिंदूपाशी आलेख सपाटच असला पाहिजे. म्हणजे छोट्या चुकीचा परिणाम तिथे जवळजवळ शून्य. मधल्या जागीही परत फिरणारी शक्ती इतकी थोडी असते, की तिथला उतारही मंदच राहतो. हा युक्तिवाद मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात एकही कपॅसिटर मोजावा लागत नाही. एकाच टोकाला रोध असलेल्या शिडीला हे संरक्षण नाही.

कॉइलींसाठी लाल रंगाचे टी-50-2 टोरॉइड घेऊ. त्याचा स्थिरांक वळशांच्या वर्गामागे 4.9 नॅनोहेन्री. 1.415 मायक्रोहेन्रीला 17 वळसे अगदी बरोबर बसतात, 1.565 ला 18 वळशांनी 1.588 होते, दीड टक्का जास्त. तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वळसे, बाहेरून मोजायचे नाहीत. हे सांगायचे कारण असे, की एक वळसा कमी पडला तर मूल्य अकरा टक्क्यांनी घसरते, आणि ऑर्चर्डचे संरक्षण छोट्या चुकांना आहे, एवढ्या चुकीला नाही. दीड टक्क्याची तक्रार असेल, तर वळसे थोडे पसरवावेत, मूल्य उतरते.

कपॅसिटर एनपीओ जातीचे किंवा सिल्व्हर मायका घ्यावेत. स्वस्त सिरॅमिकचे मूल्य तापमान आणि व्होल्टेजबरोबर सरकते, शिवाय ते तापतात. 50 ओहमवर पाच वॉट म्हणजे शिखराला 22 व्होल्ट. तरी अँटेना सुटली तर व्होल्टेज चढते, म्हणून 100 व्होल्टचे बरे.

तयार फिल्टर नॅनोव्हीएनए या छोट्या मापकयंत्रावर लावला, की त्याची दोन्ही टोके आपसूक 50 ओहमला जोडली जातात, म्हणजे तक्त्याची अट पाळली जाते. इथे दोन गोष्टी बुचकळ्यात टाकतात. तीन डेसिबलची जागा 8 ऐवजी साडेआठ मेगाहर्ट्झला दिसते. ते बरोबरच आहे, आपला 8 हा रिपलचा काठ होता. दुसरे म्हणजे 7.2 मेगाहर्ट्झच्या आसपास परत येणारी लाट साधारण 16 डेसिबलच खाली दिसते, शेजारी 6.3 ला मात्र खोल दरी असते. हाही दोष नव्हे. आपला पट्टा नेमका रिपलच्या शिखरावर पडला आहे. एसडब्ल्यूआर तिथे 1.36 होतो, आणि ट्रान्झिस्टरला एवढे खपते. नकोच असेल, तर कटऑफ 9.1 मेगाहर्ट्झवर न्यावा, म्हणजे 7.1 दरीत येतो, पण 14 वरचे 48 डेसिबल उतरून 38 होतात. मी 48 च ठेवेन. पट्ट्यात काही दशांश डेसिबल जास्त घट दिसली, तर ती कॉइलींच्या तारेतली आणि गाभ्यातली. पण हा 16 चा आकडा 10-12 पर्यंत बिघडला असेल, तर पुन्हा वळसे मोजावेत.

ट्रान्समीटरला जोडल्यावर मात्र अलीकडचे टोक 50 ओहमचे राहीलच असे नाही. स्विचसारख्या चालणाऱ्या ट्रान्झिस्टरचा उगमरोध असा एका आकड्यात सांगता येत नाही. पलीकडे 50 ओहम असले, तर पट्ट्यात ट्रान्झिस्टरला आपल्यासमोर जवळजवळ 50 ओहम दिसतात, ते काम फिल्टर नीट करतो. पण 14 वर दिसणारा प्रत्यक्ष आकडा 48 पेक्षा वर किंवा खाली जाऊ शकतो, म्हणूनच ती वीसभर डेसिबलची सूट. शेवटची परीक्षा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर, ट्रान्समीटर चालू असताना.

एकवीस मेगाहर्ट्झला गणित 76 डेसिबल सांगते. हातात तेवढे बहुधा येत नाहीत. कॉइली एकमेकींना चिकटून असतील, तर सिग्नल फिल्टरला वळसा घालून जातो. आणि 820 च्या कपॅसिटरचे पाय मिळून एक सेंटीमीटर लांब ठेवले, तर त्यांचे सुमारे दहा नॅनोहेन्री कपॅसिटरशी 55 मेगाहर्ट्झच्या आसपास अनुनाद करतात. त्याच्या वर तो कपॅसिटर कॉइलीसारखा वागतो, आणि तिथले हार्मोनिक फिल्टरच्या हातून निसटू लागतात. पाय कापायचे ते अगदी अंगालगत.