सुईएवढं भोक, पण ते तेलाचं

"होजचं तेल बोटाला टोचलं. रक्तही नाही, दुखतही नाही. हळद लावली की बरं होईल ना?"

नाही. लगेच दवाखान्यात जा, तेही हाताच्या सर्जनकडे. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या हायड्रॉलिक प्रेसच्या होजमध्ये तेलाचा दाब सहज २०० बार असतो आणि कातडी भेदायला जेमतेम ७ बार पुरतात. बारीक भोकातून सुटलेलं तेल कातडीत घुसतं, स्नायूबंधाच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरतं. समजा, सकाळी दहाला टोचलं. दुपारपर्यंत बोट फक्त बधिर वाटतं, संध्याकाळी ते टम्म सुजून पांढुरकं पडतं. तोवर आतल्या पेशी मरू लागलेल्या असतात. पहिल्या सहा तासांत चिरून तेल काढलं, तर बोट वाचण्याची शक्यता बरीच जास्त. घाव पिळू नका, शेकू नका. डॉक्टरांना तेलाचं नाव, दाब आणि वेळ सांगा, नाहीतर 'किरकोळ जखम' म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

एअर गनच्या हवेचंही तसंच. सहा-सात बारची हवा जखमेतून आत शिरू शकते, म्हणून तिनं अंगावरची धूळ झाडू नका. आणि गळती हातानं चाचपू नका: पंप बंद करा, दाब उतरवा, मगच होजला हात लावा.