पैसे आले, पण कुठल्या इन्व्हॉइसचे?

चेकचे दिवस होते तेव्हा हिशेबनीसाला एक सोय होती. चेकसोबत एक चिठ्ठी यायची आणि तिच्यावर कुठल्या इन्व्हॉइसचे पैसे दिले, काय कापलं, ते लिहिलेलं असायचं. पैसे थेट खात्यात जमा होऊ लागले आणि ही चिठ्ठी मागे पडली. जमा झालेले पैसे आणि इन्व्हॉइस संगणकाने आपोआप जुळवण्याचा पुढचा सगळा इतिहास मला तिचीच जागा भरून काढण्याचा वाटतो.

स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्याच्या MT940 या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम आणि तारीख `:61:` या ओळीत येते, तर पैसे कशाचे ते `:86:` मध्ये. ही दुसरी जागा मोकळ्या मजकुराची, 65 अक्षरांच्या सहा ओळींची. देणारा तिथे "बिल" एवढंच लिहून मोकळा झाला, की संगणकाच्या हाती फक्त रक्कम उरते.

रक्कम किती फसवते ते पाहा. एका ग्राहकाची 40,000, 30,000 आणि 70,000 अशी तीन इन्व्हॉइस बाकी आहेत आणि खात्यात 70,000 जमा झाले. पहिल्या दोघांचे, की तिसऱ्याचे? दोन्ही उत्तरं बरोबर दिसतात. बाकी इन्व्हॉइस 20 असतील तर तपासायचे गट 10,48,575 होतात. 69,750 आले तर आणखी पेच: 250 बँकेने शुल्क म्हणून कापले, की ग्राहकाकडून येणं आहे? म्हणून प्रणालीत किरकोळ फरकाची मर्यादा ठरवावी लागते. ती सैल ठेवली, तर खरी थकबाकीही शुल्काच्या नावाखाली मिटते.

काही देशांनी यावर फार आधी उपाय काढला: इन्व्हॉइसवरच संदर्भ क्रमांक छापायचा आणि तोच पैशांसोबत बँकेतून परत येऊ द्यायचा. नॉर्वेत त्याला किड म्हणतात. स्वित्झर्लंडच्या नारिंगी पावतीवर तो 27 अंकी असे. 2022 मध्ये ती जाऊन क्यूआर बिल उरलं. फिनलंडमध्ये अंकांना उजवीकडून 7, 3, 1 ने गुणून शेवटचा तपासणी अंक काढतात, त्यामुळे टंकताना एक अंक चुकला तरी कळतं. 2009 मध्ये आयएसओ 11649 या आंतरराष्ट्रीय मानकाने हीच कल्पना सर्व देशांसाठी मांडली. `RF18539007547034` या अशा क्रमांकातला 18 हा तपासणीचा आकडा. पहिली चार अक्षरं शेवटी नेऊन R म्हणजे 27 आणि F म्हणजे 15 धरा. त्या संख्येला 97 ने भागलं की बाकी 1 उरते.

तपासणी अंकाला एक चूक मात्र दिसत नाही. ग्राहकाने मागच्या महिन्याचाच क्रमांक पुन्हा टाकला, तर तो तपासणीत बरोबरच ठरतो. मग जुन्या, फेडलेल्या इन्व्हॉइसवर जादा जमा दिसते आणि त्याच ग्राहकाचं नवं इन्व्हॉइस तेवढ्याच रकमेने थकीत राहतं. स्मरणपत्र पाठवण्याआधी या दोन रकमा शेजारी ठेवून पाहाव्यात.