रिकॅप आधी की प्रश्न आधी? मॉड्यूलच्या स्क्रिप्टमधल्या थांब्यांची पार्श्वभूमी

ई-लर्निंगची स्क्रिप्ट रीराइटला आली की तिच्यासोबत एक सूचना हमखास येते, दर सेगमेंटनंतर दोन ओळींचा रिकॅप टाका आणि एक क्विझ टाका. नाशिकमध्ये आम्ही शेतीचे आणि कारखान्यांच्या ट्रेनिंगचे जे मॉड्यूल लिहितो त्यात तर हे इतकं ठरलेलं झालंय की रिकॅप आणि क्विझ ही जोडी एकाच घरातून आली असं वाटायला लागतं. पण तसं नाहीये. दोघांचा इतिहास वेगळा आहे, दोघांचं काम वेगळं आहे, आणि हे माहीत नसल्यामुळेच ती जोडी बहुतेक स्क्रिप्टमध्ये उलट्या क्रमाने बसवली जाते.

रिकॅप हा बोलणाऱ्यांचा. वर्गातले सर, रेडिओ, नंतर टीव्ही, म्हणजे जिथे ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही तिथे बोलणाऱ्यालाच मागचं परत सांगावं लागतं. कीर्तनात बुवा आख्यान कितीही लांब नेलं तरी फिरून मूळ अभंगाच्या चरणावर येतात ना, तसंच काहीसं. यात ऐकणाऱ्याने काही करायचं नसतं, फक्त धागा सुटू नये एवढंच.

प्रश्नाचं मूळ मात्र मशीनमध्ये आहे. अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी 1920 च्या दशकातच प्रश्न विचारणारं यंत्र बनवलं होतं, पण त्या कल्पनेला खरा जोर आला तो बी. एफ. स्किनर यांच्यामुळे. 1953 मध्ये ते आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले आणि त्यांना जे खटकलं ते आपल्याही ओळखीचं आहे, मुलं गणितं सोडवतायत पण आपलं बरोबर आलं की चूक हे त्यांना लगेच कळतच नाहीये. त्यातून त्यांचं टीचिंग मशीन आलं, 1958 मध्ये त्यांनी त्यावर ‘सायन्स’मध्ये लेखही लिहिला. मजकुराचे अगदी छोटे तुकडे, ज्यांना ते फ्रेम म्हणत, दर तुकड्यात एक रिकामी जागा, शिकणाऱ्याने उत्तर लिहायचं आणि लगेच ताडून बघायचं. सुरुवातीला भरपूर आधार द्यायचा आणि हळूहळू तो काढून घ्यायचा.

आपण आज स्क्रिप्टमध्ये सेगमेंट पाडतो आणि मध्ये प्रश्न घालतो त्याचा हा सरळ पूर्वज. पण त्यातली अडचणही तिथूनच चालत आलीय. तुकडे इतके छोटे आणि आधार इतका जास्त की मुलं मजकूर न वाचताच उत्तर भरायला लागली. स्किनर यांच्यासोबतच काम करणाऱ्या जेम्स हॉलंड यांनी 1960 च्या दशकात यावर एक साधी तपासणी काढली, फ्रेममधला जेवढा मजकूर उत्तर द्यायला लागत नाही असं वाटतं तेवढा काळा करून टाकायचा आणि बघायचं, तरीही लोक बरोबर उत्तर देतात का. देत असतील तर तो काळा केलेला मजकूर शिकवतच नव्हता. माझ्या मते स्क्रिप्ट तपासायला याच्यापेक्षा चांगली पद्धत आजही नाही आणि तिला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

त्याच काळात नॉर्मन क्राउडर यांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी रिकाम्या जागेऐवजी पर्याय दिले, आणि प्रत्येक पर्याय वाचणाऱ्याला वेगळ्या पानावर पाठवायचा. चुकीचा पर्याय निवडला तर त्या पानावर नुसतं ‘चूक’ असं नसायचं, तुम्ही कुठे घसरलात ते समजावलेलं असायचं आणि मग परत त्याच प्रश्नाकडे पाठवलेलं असायचं. म्हणजे चुकीचा पर्याय नुसता जागा भरायला टाकलेला नाही, ती शिकणाऱ्याच्या डोक्यातली एक ठरावीक गैरसमजूत आहे. आज टूलमध्ये ब्रांचिंगचं बटन आहे ते यांच्याकडून आलं, पण बटन वापरणारे खूप आणि पर्यायांमागे गैरसमजूत शोधणारे कमी.

मग 1960 च्या दशकाच्या मध्यावर अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी आपल्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट तपासली, की लांब मजकुरात प्रश्न नेमका कुठे घालायचा. त्या भागाच्या आधी प्रश्न ठेवला तर लोक तेवढंच शोधत वाचतात आणि बाकीचं सोडून देतात. भागाच्या नंतर ठेवला तर विचारलेलं तर लक्षात राहतंच, शिवाय न विचारलेलंही जास्त राहतं, कारण पुढे परत काहीतरी विचारणार हे कळल्यामुळे पुढचा भाग लोक नीट वाचतात. सेगमेंट संपल्यावरच क्विझ हा जो आपला रिवाज आहे त्याचं कारण हे.

आपल्याकडे ही पद्धत कॉम्प्युटरच्या आधी छापील पुस्तकातून आली. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी 1969 चं, इग्नू 1985 चं, आणि आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं, गंगापूर धरणाजवळ. दूरशिक्षणाच्या पुस्तकाला शिक्षकाचंही काम करावं लागतं म्हणून घटकाच्या मध्येच थांबवून प्रश्न, खाली उत्तरासाठी रिकाम्या ओळी, आणि नमुना उत्तर तिथून लांब, घटकाच्या शेवटी, हा साचा इग्नूच्या पुस्तकात ‘चेक युवर प्रोग्रेस’ नावाने घट्ट बसला. यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे, सारांश शेवटी यायचा आणि प्रश्न आधी. पुस्तकात क्रम बरोबर होता. व्हिडिओ आले, बोलणाऱ्याची सवय वरचढ झाली आणि रिकॅप प्रश्नाच्या पुढे जाऊन बसला.

याने काय बिघडतं हे दाखवणारे दोन प्रयोग आहेत. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये लोकांना एक उतारा वाचायला दिला, एका गटाला परत वाचायला सांगितलं, दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने उलटं झालं, परत वाचणारे 42 वर आणि आठवून लिहिणारे 56 वर. म्हणून तर रिकॅप क्लायंटच्या रिव्ह्यूमध्ये छान वाटतो, रिव्ह्यू पाच मिनिटांत होतो ना. दुसरा प्रयोग 2013 चा, झ्पुनार आणि सहकाऱ्यांचा, थेट ऑनलाइन लेक्चरवर. 21 मिनिटांचं स्टॅटिस्टिक्सचं लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं. तुकड्यांमध्ये छोट्या टेस्ट नव्हत्या तेव्हा मन भरकटण्याचं प्रमाण साधारण 41 टक्के निघालं, टेस्ट होत्या तेव्हा 19. आणि एक गट असा होता ज्याला तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते दाखवले, म्हणजे आपला रिकॅपच, तर त्या गटाला टेस्टवाल्यांसारखा फायदा झाला नाही.

आता हे आपल्या स्क्रिप्टवर लावून बघू. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या एक्स्पोर्टच्या द्राक्ष बागायतदारांसाठी पीएचआयचं मॉड्यूल घ्या, म्हणजे फवारणी आणि काढणी यांच्यामध्ये कमीत कमी किती दिवस सोडायचे ते. जुन्या स्क्रिप्टमध्ये सेगमेंट संपताना असं असतं:

‘या भागात आपण पाहिलं की पीएचआय म्हणजे फवारणी आणि काढणी यामधलं अंतर. आता सांगा, पीएचआय म्हणजे कशामधलं अंतर?’

हॉलंड यांची तपासणी लावा. पूर्ण सेगमेंट काळा केला तरी उत्तर येतं, कारण ते दोन सेकंदांपूर्वीच ऐकलंय. हा प्रश्न कानाची परीक्षा घेतो, डोक्याची नाही.

रीराइट करताना आधी रिकॅप उचलून बाजूला ठेवायचा आणि शेतकरी खरं कुठे चुकतो ते विचारायचं, बागेत फिरणाऱ्या कन्सल्टंटला किंवा पॅकहाऊसमधल्या भाऊंना फोन केला की दहा मिनिटांत कळतं. इथली चूक अशी की लोक फक्त शेवटच्या फवारणीपासून दिवस मोजतात. मग प्रश्न होतो असा, एका औषधाची फवारणी 25 डिसेंबरला, त्याचा पीएचआय समजा 50 दिवस, दुसऱ्याची 10 जानेवारीला, त्याचा समजा 30 दिवस, तर काढणी कधीपासून? पर्याय 9 फेब्रुवारी, 13 फेब्रुवारी, 1 मार्च. (आकडे उदाहरणाचे आहेत, खऱ्या मॉड्यूलमध्ये त्या सीझनच्या अधिकृत यादीतलेच घ्यायचे, आणि लीप वर्ष नाही असं धरलंय.)

13 फेब्रुवारी बरोबर, कारण पहिल्या औषधाची तारीख दुसऱ्याच्या नंतर पडते. 9 फेब्रुवारी निवडणारा शेवटच्या फवारणीवरून मोजतोय, त्याला फीडबॅकमध्ये सांगायचं की तुम्ही दुसऱ्या औषधाचे दिवस बरोबर मोजलेत, पण पहिल्याचे अजून चार दिवस बाकी आहेत. 1 मार्च निवडणाऱ्याने मोठा आकडा शेवटच्या तारखेला लावला, त्याचा माल रेसिड्यूत, म्हणजे फळावर उरलेल्या औषधाच्या अंशामुळे, अडकणार नाही पण सोळा दिवस उगाच झाडावर राहील. दोन चुका, दोन वेगळी उत्तरं, ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे दोघांनाही काहीच सांगत नाही.

आणि मग, फीडबॅकनंतर, रिकॅप, एकच ओळ: ‘प्रत्येक औषधाची तारीख वेगळी काढा, सगळ्यात उशिराची तीच काढणीची तारीख.’ त्याला जोडून पुढच्या भागाचं बोट, ‘पण त्यासाठी नोंदवहीत प्रत्येक फवारणीचा दिवस सापडायला हवा, तेच आता बघू.’ आता रिकॅप ऐकणाऱ्याला उपयोगी पडतो, कारण तो स्वतः हिशोब करून आलाय आणि ही ओळ त्याच्या हिशोबाला नाव देते.

व्हॉइसओव्हरच्या कॉलममध्ये प्रश्नानंतरचा थांबा सेकंदांत लिहा, नाहीतर स्टुडिओत तो कापला जातो. निकाराग्वामध्ये 1970 च्या दशकात रेडिओवरून गणित शिकवायचे तेव्हा मुलांनी मोठ्याने उत्तर द्यावं म्हणून स्क्रिप्टमध्येच शांतता लिहिलेली असायची, ती आपल्या ऑडिओ मॉड्यूललाही तितकीच लागू आहे. तारखांच्या प्रश्नाला आठ-दहा सेकंद तरी द्या. मात्र दीड मिनिटाच्या ओळखीच्या सेगमेंटला प्रश्न नको, तिथे विचारण्यासारखं काही घडलेलंच नसतं आणि ओढून आणलेला प्रश्न परत कानाची परीक्षा होऊन बसतो.

राहिला स्कोअर. कोर्स चालवणारी एलएमएस सॉफ्टवेअर आली, कोर्स त्यांना जोडायचं एससीओआरएम हे स्टँडर्ड आलं, आणि कोर्स पास-नापास नोंदवायची सोय झाली तशी क्विझ म्हणजे मार्क हे गणित पक्कं झालं. मधल्या प्रश्नांना मार्क ठेवू नका असं मी दरवेळी सुचवते, मार्क आले की लोक हिशोब न करता शेजाऱ्याला विचारतात. पण उत्तरांची नोंद जरूर ठेवा. पहिल्याच झटक्यात जवळपास सगळे बरोबर आणि शेवटच्या टेस्टमध्ये त्याच मुद्द्यावर नापास, तर मधला प्रश्न फार सोपा आहे. आणि अर्ध्याहून जास्त लोक 9 फेब्रुवारीवरच टिक करत असतील तर प्रश्नाला हात लावू नका, सेगमेंट उघडा, बहुतेक तिथे एकाच औषधाचं उदाहरण दिलेलं सापडेल.