नाताळ म्हणजे जयंती नव्हे

डिसेंबर लागला की मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "तुमचा नाताळ तारखेनं आणि ईस्टर तिथीनं, असं का?" कोल्हापुरात हा प्रश्न साहजिकच आहे. शिवजयंती 19 फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: "25 डिसेंबरला येशूंचा जन्म झालाच नव्हता म्हणे. मग जयंती कसली करता?"

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे नाताळ ही येशूची जयंती. अनेक ख्रिस्ती घरांतही हाच शब्द वापरतात, आणि नाताळच्या केकवर मेणबत्त्या लावून वाढदिवसाचं गाणं म्हणण्याची रीतही आता आली आहे. मला ती मुळीच पसंत नाही. का, ते पुढं येईलच.

जयंती म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. 26 जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार चढतात, कारण कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म 26 जून 1874 ला झाला. तारीख आधी ठाऊक होती, उत्सव नंतर सुरू झाला. उद्या संशोधनात दुसरी तारीख सिद्ध झाली तर उत्सव हलवावा लागेल.

नाताळचं तसं नाही. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत; त्याच्या जन्माची हकिकत त्यांतल्या मत्तय आणि लूक या दोनांतच आहे आणि दोघांनीही तारीख, महिना, ऋतू यांतलं काही सांगितलेलं नाही. मार्क जन्माचा उल्लेखही न करता थेट येशूच्या बाप्तिस्म्यापाशी येतो. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांना तारखेची गरजच वाटली नव्हती. त्यामुळं "तारीख चुकली, म्हणून सण खोटा" हा हिशेब इथं लागू होत नाही.

मरणाचं मात्र उलट आहे. चारही शुभवर्तमानं सांगतात की येशूला यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या वेळी वधस्तंभावर खिळलं, आणि पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी झालं. वल्हांडण चंद्रावर चालतो, निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो. म्हणून पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, चंद्रही हवा आणि रविवारही हवा. 325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेनं सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तो एकाच रविवारी पाळावा असं ठरवलं. पुढं रूढ झालेला नियम असा: 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार.

आपल्याकडच्या खुणेनं सांगतो. 2025 मध्ये चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा 12 एप्रिलला झाली. चर्चच्या कोष्टकात ती पौर्णिमा 13 एप्रिलला, नेमकी रविवारी पडते, आणि नियम "पुढचा रविवार" असा असल्यानं ईस्टर 20 एप्रिलला आला. त्याच्या आदल्या वर्षी हिशेबाला होळीचीच पौर्णिमा लागली, कारण ती 21 मार्चनंतर आली होती. म्हणून 2024 चा ईस्टर 31 मार्चला होऊन गेला आणि जोतिबाची यात्रा पुढं एप्रिलात झाली.

नाताळला ना चंद्राची गाठ आहे, ना वाराची. तो रोमन सौर पंचांगातल्या तारखेला बांधलेला आहे, म्हणून सरकत नाही. आता ती तारीख 25 डिसेंबरच का?

दर वर्षी फिरणारा एक मजकूर ठामपणे सांगतो की ही रोमन सूर्यदेवाच्या सणाची तारीख होती आणि चर्चनं ती ढापली. यातला ठामपणा मला खटकतो. औरेलियन बादशहानं 274 साली रोममध्ये "अजिंक्य सूर्या"चं देऊळ बांधलं हे खरं. पण 25 डिसेंबरला त्या सूर्याचा उत्सव असल्याचा सर्वांत जुना पुरावा 354 सालच्या एका रोमन संग्रहातल्या पंचांगात मिळतो, आणि 25 डिसेंबरला ख्रिस्त बेथलेहेमात जन्मला ही सर्वांत जुनी स्पष्ट नोंदही त्याच संग्रहात आहे. ती ज्या यादीत आहे ती यादी 336 सालची मानतात. मग कोणी कोणाचं घेतलं हे या कागदांवरून ठरत नाही.

दुसरा खुलासा अभ्यासकांत हिशेबाचा म्हणून ओळखला जातो, आणि मला तो जास्त पटतो. सुमारे 200 साली उत्तर आफ्रिकेतल्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं येशूच्या मरणाचा दिवस रोमन पंचांगानुसार 25 मार्च असा दिला आहे. पुढं दोनशे वर्षांनी ऑगस्टीन हा धर्मपंडित लिहितो की ज्या दिवशी येशू मरियेच्या उदरी आला त्याच दिवशी त्यानं दुःख सोसलं, अशी समजूत आहे. गर्भधारणा 25 मार्चला, तर नऊ महिन्यांनी जन्म 25 डिसेंबरला. पूर्वेकडे काही मंडळ्या मरणाचा दिवस 6 एप्रिल धरत. त्यात नऊ महिने मिळवले की 6 जानेवारी येतो, आणि आर्मेनियन चर्च आजही 6 जानेवारीलाच ख्रिस्तजन्म पाळतं. दोन्हीकडे हिशेब जुळतो, हे मला सूर्याच्या सणापेक्षा वजनदार वाटतं. (रशियातला 7 जानेवारीचा नाताळ निराळा. तो जुन्या ज्युलियन पंचांगातला 25 डिसेंबरच आहे, सध्या तेरा दिवस मागं पडलेला.)

हा खुलासा धरला तर नाताळची तारीख जन्मापासून मोजलेली नाही, वधस्तंभापासून मोजलेली आहे. आणि सणाचा अर्थही तिथूनच उलगडतो.

आमच्या गल्लीतल्या एका मामांनी, ज्यांच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, मला एकदा विचारलं, "तारीख जाऊ दे रे. रामनवमीला आपण पाळणा हलवतो तसंच ना हे? देवाचा अवतार?" जयंतीपेक्षा हा प्रश्न कितीतरी जवळ जाणारा आहे. शाहू महाराज 26 जून 1874 च्या आधी नव्हते, जन्म ही त्यांची सुरुवात. रामनवमीला जो जन्मतो तो आधीपासून असतोच. ख्रिस्ती श्रद्धेतही देवाचा पुत्र जन्मापूर्वी, सृष्टीपूर्वी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. तिथं सगळी जन्मकथा एका ओळीत येते: "शब्द देही झाला." म्हणून मला वाढदिवसाचं गाणं नको वाटतं. वाढदिवस सुरुवात मोजतो, आणि ज्याच्याबद्दल आपण बोलतो त्याला सुरुवात नाही.

पण मामांनाही मी "हो" म्हणालो नाही. याला ख्रिस्ती मराठीत देहधारण म्हणतात, आणि अवतार व देहधारण यांची सरमिसळ हीच खरी अडचण आहे. बाकी सगळं त्यापुढं किरकोळ.

अवतार युगायुगाला होतो, गीतेतच तसं वचन आहे: धर्माला ग्लानी आली की देव येतो, साधूंना राखतो, दुष्टांचा नाश करतो, आणि कार्य झालं की अवतार संपतो. देहधारण एकदाच झालं, आणि ते संपलेलं नाही. पुनरुत्थानानंतर शिष्यांना दिसलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. देवपुत्रानं मानवी देह घेतला तो कायमचा, वधस्तंभानंतर उतरवून ठेवला नाही. आज, या क्षणीही तो माणूस आहे, असं चर्च मानतं. माझ्या अनुभवात हे ऐकून हिंदू मित्र थबकतात, आणि खरं सांगायचं तर ख्रिस्तीही थबकतात.

दुसरं, हा देह नुसता वेश नव्हे. पहिल्या काही शतकांत असं शिकवणारे होते की येशू माणूस दिसत होता, पण खरी भूक, खरी वेदना त्याला नव्हती. चर्चनं हे मत स्पष्टपणे नाकारलं. बाळ ज्ञानानं वाढत गेलं, असं लूक लिहितो. म्हणजे ते आधी न समजणारं होतं, त्याला बोलायला, चालायला शिकावं लागलं. 451 साली खाल्सेदोनच्या परिषदेनं सूत्र बांधलं: एकच व्यक्ती, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही स्वभाव न मिसळता आणि वेगळे न होता. अर्धा देव अर्धा माणूस नव्हे, आणि माणसाच्या कातडीतला देवही नव्हे.

एवढा आग्रह कशासाठी? चौथ्या शतकात नाझियानझचा ग्रेगरी हा धर्मगुरू याचं कारण सांगतो: जे त्यानं धारण केलं नाही ते बरं झालं नाही. माणसाचं मन, भीती, मरण यांतलं जे त्यानं घेतलं नसेल ते तारणाबाहेर राहिलं. दुष्टांचा संहार करायचा तर सामर्थ्य पुरतं. मरण आतून मोडायचं तर मरता येईल असा देह हवा. नाताळला जो देह साजरा होतो तो यासाठी घेतलेला आहे.

हे बोलताना आम्ही मामांच्या गव्हाणीपाशीच उभे होतो. सिमेंटची गव्हाण, म्हशींच्या गळ्यांनी घासून काठ गुळगुळीत झालेला, तळाशी भिजलेल्या पेंडीचा थर, त्याला आंबूस वास. लूक लिहितो की मरियेनं बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. गाय आणि गाढव त्याच्या मजकुरात नाहीत, ती यशया संदेष्ट्याच्या एका वचनावरून चित्रांत आली. ज्ञानी लोक तीन होते असंही मत्तय म्हणत नाही, भेटी तीन होत्या. या चुका मी फारशा धरत नाही. पण गव्हाणीत मऊ मखमल अंथरून चांदण्या चिकटवलेला देखावा मला सलतो. मामांनी काठावर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यात? पोराला?" लूकच्या हकिकतीत देवदूतानं मेंढपाळांना खूण दिली होती ती हीच.

गव्हाण आणि वधस्तंभ एकाच दिवशी गाठ पडल्याचं पाहायचं असेल तर 2016 ची दिनदर्शिका काढा. त्या वर्षी होळीनंतर लगेच, 25 मार्चला, गुड फ्रायडे आला. गब्रिएल देवदूतानं मरियेला निरोप दिला त्या सणाचाही दिवस 25 मार्चच. फिरता सण आणि ठरलेला सण त्या शुक्रवारी एकावर एक पडले, आणि पुढं नऊ महिन्यांनी नाताळ रविवारी आला. पुन्हा तो योग 2157 साली आहे.