रामराम झाल्यावरचं पहिलं वाक्य

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सोमवारी रांग दारापर्यंत आलेली असते. चिठ्ठी घेऊन स्टुलावर बसेपर्यंत मागचा माणूस दारात उभा. डॉक्टर म्हणतात, “रामराम काका, कसं काय?” आणि तोंडातून सवयीनं निघतं, “बरं आहे साहेब.” हे उत्तर रामरामचं झालं, दुखण्याचं नाही. त्यामुळे तिथे न थांबता त्याच दमात तक्रार सांगावी.

घाई का करायची? १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोन संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी तपासल्या. रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्ये तोडत होते, आणि तोडल्यावर मूळ बोलणं पुरं करणारे फार थोडे होते. एकदा का प्रश्न सुरू झाले की रुग्ण प्रश्नांमागे जातो आणि पोटातली गोष्ट पोटातच राहते.

आपल्याकडे ती हमखास अडकते ती दोन शब्दांत: “कमजोरी आहे, सलाईन लावून द्या.” कमजोरी रक्त कमी असल्यानेही येते, साखर वाढल्यानेही, तापानेही. त्यातून डॉक्टरांना धागा मिळत नाही. शिवाय उपाय रुग्णानेच सांगून टाकल्यामुळे बोलणं सलाईनवरच फिरत राहतं.

समजा, ऑगस्टमध्ये पऱ्हाटीवर फवारणी करून आलेला शेतकरी आहे. तो “लय थकल्यासारखं वाटते” म्हणाला, तर पावसाळ्यातला ताप म्हणून गोळ्या मिळू शकतात. त्याऐवजी असं सांगता येतं:

“रामराम साहेब. काल दुपारी पऱ्हाटीवर फवारा मारला. रातीपासून तीनदा उलटी झाली, घाम सुटते अन् डोयानं अंधुक दिसून राह्यलं.”

हे बोलायला दहा-बारा सेकंद पुरतात. काय केलं, कधीपासून आणि काय होतं, तिन्ही त्यात आलं. फवारा हा शब्द कानावर पडला की डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी आणि तोंडाला सुटणारी लाळ पाहतात. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. फवारलेल्या औषधाची बाटली किंवा लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो सोबत असावा, कारण विषानुसार उपचार बदलतो. अ‍ॅट्रोपिन हे विषबाधेवरचं औषध प्रत्येक विषाला चालत नाही. श्वास लागत असेल किंवा माणूस गुंगत असेल, तर मात्र रांगेत थांबायचंच नाही. आधी नर्सताईंना फवारणीचं सांगायचं.

गुडघेदुखीही दाखवायची असेल, तर ती उठता उठता दारातून सांगू नये. तोवर पुढचा रुग्ण बसलेला असतो. तक्रार सांगून झाली की लगेच जोडावं, “अन् साहेब, गुडघ्याचंही दाखवाचं आहे, पण आधी हे पाहा.” आज दोन्हीला वेळ नसेल, तर गुडघ्यासाठी कोणत्या दिवशी यायचं ते डॉक्टर तिथेच सांगतात.